घरचा मसाला कीं बाजारची पूड?

वैशाखांत पुण्याच्या एका घरीं गोडा मसाला झाला. करणारी बाई चाळीस वर्षें हाच मसाला करीत आलेली. धने तिनें स्वतः निवडले, खोबरें स्वतः किसलें आणि तयार झालेला मसाला दोन सारख्या डब्यांत भरला. प्रत्येकांत साधारण साडेपांचशें ग्रॅम मसाला बसला. एक डबा तिनें आपल्या घरीं ठेवला. दुसरा रत्नागिरीस दिलेल्या मुलीबरोबर पाठविला. श्रावण लागला आणि मुलीचा दूरध्वनि आला.

"आई, राग मानूं नकोस, पण मसाल्याला वास येतो आहे. काल आमटींत घातला तर मामंजींनीं वाटी न बोलतां बाजूला सारली."

आईनें लगोलग आपला डबा उघडून पाहिला. तळाशीं थोडाच मसाला उरला होता. त्याचा वास कांहींसा उतरला होता, पण दुर्गंधि म्हणावी असें त्यांत कांहीं नव्हतें. तेव्हां तिनें वाण्यास दोष दिला. त्यानेंच जुनें खोबरें गळ्यांत बांधलें असावें, असें तिला वाटलें. मुलीनें मनांतल्या मनांत स्वतःस दोष दिला. आणि सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनीं निकाल देऊन टाकला, "हवा कशाला एवढा खटाटोप? तयार पूड मिळते, ती आणावी म्हणजे झालें."

एकाच दिवशीं, एकाच हातानें केलेला मसाला एका गांवीं टिकला आणि दुसऱ्या गांवीं बिघडला, याचें कारण ज्यास उमगेल त्यास घरीं काय भाजावें, काय दळावें आणि बाजारांतून काय खुशाल आणावें हेंहि उमगेल. म्हणून वाण्याची उलटतपासणी करण्यापूर्वीं मसाल्याचीच थोडी चौकशी करणें बरें.

मसाला बिघडला असें आपण म्हणतों तेव्हां दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टींना एकच नांव देत असतों. एक गोष्ट म्हणजे वास उडून जाणें. दुसरी म्हणजे खवट होणें. पहिलींत मसाल्यांतून कांहीं निघून जातें. दुसरींत मसाल्यांत नको तें उत्पन्न होतें. पहिल्या प्रकारचा मसाला निरुपयोगी असला तरी निरुपद्रवी असतो. आमटी फार तर मिळमिळीत होते. दुसरा मात्र आमटीच नासवितो. पुण्याच्या डब्यांत पहिली गोष्ट घडली होती आणि रत्नागिरीच्या डब्यांत दुसरी.

पहिलीपासून आरंभ करूं. धने, जिरें, लवंग, दालचिनी यांचा सुवास त्यांतील एका जातीच्या तेलामुळें असतो. हें तेल तिळाच्या वा शेंगदाण्याच्या तेलासारखें नव्हे. तिळाच्या तेलाचा थेंब कागदावर पडला तर डाग कायमचा राहतो. लवंगेच्या तेलाचा थेंब पडला तर कांहीं वेळानें तो बव्हंशी उडून जातो. असें उडून जाणारें तेल लवंगेंत शंभर भागांस पंधरा ते वीस भाग इतकें विपुल असतें, तर धन्यांत तें जेमतेम एक भाग, पुष्कळदां त्याहूनहि कमी. एवढ्याशा भांडवलावर धन्याचा सारा व्यवहार चालतो! म्हणून लवंगेची पूड कांहीं महिने निष्काळजीपणें ठेवली तरी लवंग म्हणून ओळखूं येते. धन्याची पूड तशी ठेवली तर लांकडाच्या भुशाशीं तिचें नातें जडतें.

हें तेल दाण्याच्या आंत बारीक नळ्यांत कोंडलेलें असतें आणि वरून सालीचें आवरण असतें. अखंड दाणा ही निसर्गानें बूच मारून दिलेली कुपीच होय. ती फुटली कीं तेल वाऱ्यावर पडतें. किती झपाट्यानें, हें कळण्यास शाळेंतील भूमितीचा एक हिशेब पुरेसा आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचें पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर होतें. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे बारीक घन केले तर ते एक हजार होतात आणि सर्वांचें मिळून पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहापट भरतें. ते आणखी दहापट बारीक केले तर पृष्ठफळ शंभरपट होतें. मसाला जितका वस्त्रगाळ, तितकी त्याच्या सुगंधास पळून जाण्यास वाट मोकळी. वस्त्रगाळ पुडीचें कौतुक करतांना ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं.

यावरून सुवासाच्या टिकावाचा एक ठोकळ अंदाज बांधतां येतो. लवंग, मिरीं, दालचिनी हीं अखंड असतील आणि कोरडीं, अंधारांत व घट्ट झांकणाखालीं ठेवलीं असतील तर दोन-तीन वर्षें कामीं येतात. धने-जिरें अखंड स्थितींत वर्षभर, फार तर दीड वर्ष उत्तम राहतें. न भाजतां केलेली पूड चार-सहा महिने बरी. भाजून केलेली पूड मात्र पहिल्या महिन्यांत जशी असते तशी तिसऱ्या महिन्यांत नसते. हे आंकडे कांहीं पंचांगांतले मुहूर्त नव्हेत. बरणी व हवा जशी असेल तसे ते मागेंपुढें होतात. खरी परीक्षा नाकाची. चिमूटभर पूड तळहातावर घेऊन अंगठ्यानें दोनचार वेळां चोळावी आणि हुंगावी. चोळल्यावर वास उसळला तर पूड जिवंत आहे. चोळूनहि नुसती धूळच नाकांत गेली तर ती टाकून देण्यास हरकत नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, भाजल्यानें सुवास लवकर जात असेल तर भाजावें तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. भाजण्यानें तीन गोष्टी होतात आणि त्यांपैकीं एकच तोट्याची आहे. दाण्यांतील ओल निघून जाते. त्यामुळें दाणा ठिसूळ होऊन सहज दळला जातो व पूड गोळे धरीत नाहीं. दुसरें असें कीं, दाण्यांतील शर्करा व प्रथिनें उष्णतेनें तांबूस होतात आणि कच्च्या दाण्यांत मुळींच नसलेले असे नवे, खमंग वास उत्पन्न होतात. भाकरीचा पापुद्रा तव्यावर लाल होतांना जी क्रिया घडते तीच ही. कच्चें जिरें व भाजलेलें जिरें हे जणूं दोन वेगळे पदार्थ वाटतात ते यामुळेंच. तिसरी गोष्ट तोट्याची: भाजतांना जो घमघमाट साऱ्या घरांत सुटतो तो मसाल्यांतूनच वजा झालेला असतो. शेजारच्या घरापर्यंत वास गेला म्हणून गृहिणीस धन्यता वाटते. वस्तुतः तेवढा भाग शेजाऱ्यांस फुकट गेला. म्हणून मंद आंच, जाड बुडाची कढई आणि वेळेवर हात आवरणें, हींच भाजण्याचीं खरीं पथ्यें.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा, हा जुन्या बायकांचा दंडक अगदीं शास्त्रशुद्ध आहे. पाव किलो धन्यांस मंद आंचेवर सात-आठ मिनिटें लागतात. ते सतत हलवीत असावे. रंग एकच छटा गडद झाला आणि दाणा दांताखालीं कट्‌कन् फुटला कीं ते उतरावे. जिरें दोन-तीन मिनिटांतच होतें. दोन्ही एकत्र टाकलीं तर धने होईपर्यंत जिरें करपतें आणि करपलेलें जिरें कडू होतें. तो कडूपणा मग कशानेंहि झांकतां येत नाहीं. करपलेला घाणा सरळ फेंकून द्यावा. लवंग, मिरीं व दालचिनी चार थेंब तेलावर, फुगेपर्यंतच. तमालपत्र नुसतें कुरकुरीत व्हावें. दगडफुलांत सालीचे तुकडे व रेती फार असते, तेव्हां तें आधीं नीट निवडून, झटकून मग भाजावें. हिंगाचा खडा तेलांत फुलवावा. आंत चिकट राहिला तर सारा मसाला धरून बसतो. खसखस सर्वांत शेवटीं, कढई खालीं उतरल्यावर तिच्या उरलेल्या उष्णतेवर भाजावी. वेलदोडे मात्र भाजूं नयेत, नुसते कोमट करावे. त्यांचा नाजूक वास उष्णता सोशीत नाहीं. जायफळाची तर पूडहि करून ठेवूं नये. लागेल तेव्हां उगाळावें वा किसावें.

भाजलेला जिन्नस परातींत पसरून पूर्ण थंड होऊं द्यावा. येथें घाई फार नडते. कोमट मसाला दळून डब्यांत भरला आणि झांकण लावलें कीं आंतील वाफ झांकणाखालीं जमून थेंबांच्या रूपानें पुन्हां मसाल्यांत उतरते. चार दिवसांनीं डब्यांत खडे दिसतात आणि दोष मात्र पावसाळी हवेस दिला जातो. दळतांनाहि हीच सावधगिरी हवी. मिक्सरचें पातें वेगानें फिरतें आणि भांडें तापतें. तेव्हां सलग न फिरवितां थोडें फिरवावें, थांबावें, पुन्हां फिरवावें. भांड्याच्या बाहेरून हात लावून तें ऊन लागत असेल तर पांच मिनिटें विसांवा द्यावा. खलबत्त्यांत कुटलेल्या मसाल्यास अधिक वास असतो असें म्हणतात त्यांत तथ्य एवढेंच कीं, तेथें मसाला तापत नाहीं व फार बारीकहि होत नाहीं. हें साधलें तर मिक्सरहि चालतो. खलबत्त्याचाच हट्ट धरण्याचें कारण नाहीं.

हें झालें सुगंधी दाण्यांविषयीं. परंतु गोड्या मसाल्यांत दुसरीहि एक मंडळी असते आणि रत्नागिरीच्या डब्याचा उलगडा तिच्यांत आहे. ती म्हणजे तीळ, सुकें खोबरें आणि खसखस. तिळांत निम्म्याच्या आसपास आणि सुक्या खोबऱ्यांत त्याहूनहि अधिक स्निग्धांश असतो. हें तेल उडून जाणारें नव्हे. तें जागच्या जागीं राहून बिघडतें. हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो आणि ओलीमुळें तें फुटतें. मग जुन्या दिव्याच्या तेलासारखा अथवा साबणासारखा वास येऊं लागतो. जिभेवर चिमूट ठेवली तर घशाशीं खवखवतें. उष्णता, ओल, उजेड व मोकळी हवा हे चार जण एकत्र आले कीं ही क्रिया फार वेगानें होते. म्हणजे गोडा मसाला किती दिवस टिकेल हें लवंग ठरवीत नाहीं, दालचिनी ठरवीत नाहीं. त्यांतील खोबरें ठरवितें. घरोघरीं चुकतें तें नेमकें येथें. महाग जिन्नस म्हणून लवंगेस जपलें जातें आणि खोबऱ्याचा विचार कोणीच करीत नाहीं.

आतां त्या दोन डब्यांचा हिशेब पाहावा. एका डब्यांतील मसाल्याचें प्रमाण साधारण असें होतें: धने २५० ग्रॅम, जिरें ५० ग्रॅम, शहाजिरें, दालचिनी, लवंग, मिरीं, तमालपत्र व दगडफूल प्रत्येकीं १० ग्रॅम, नागकेशर, वेलदोडे, बादियान व हिंग प्रत्येकीं ५ ग्रॅम. हा झाला ३८० ग्रॅमांचा कोरडा भाग. त्यांत तीळ ७५, खोबरें ७५ आणि खसखस २० मिळून १७० ग्रॅमांचा स्निग्ध भाग. एकूण ५५०. पुण्याच्या घरीं रोज आमटी, रोज एक भाजी. दिवसाकाठीं सहा ग्रॅमांच्या आसपास मसाला लागतो. ५५० ग्रॅमांस ते तीन महिने झाले. वैशाखांत उघडलेला डबा श्रावणांत तळास जातो. तोंवर खोबऱ्यास बिघडण्यास पुरेसा अवकाशच मिळत नाहीं.

रत्नागिरीचें घर मासे खाणारें. तेथें गोडा मसाला आठवड्यांतून तीन दिवस लागे. बाकीच्या दिवशीं ओलें वाटण. म्हणजे आठवड्यास अठरा ग्रॅम. या मानानें तोच डबा तीस आठवडे, सुमारें सात महिने पुरावयाचा! आणि त्यांतले चार महिने कोंकणांतल्या पावसाचे, जेव्हां मीठसुद्धां बरणींत पाझरतें. वाण्यानें खोबरें ताजें दिलें असो वा जुनें, सात महिने तें कसें तग धरणार?

एवढ्यावर आईचें समाधान झालें नाहीं. तिनें मुलीस विचारलें, "अग, पण तूं तो डबा ठेवतेस तरी कोठें?"

"गॅसच्या वरच्या फळीवर. हाताशीं बरा पडतो."

"आणि आमटींत घालतेस कशी?"

"कशी म्हणजे? डबाच तिरपा करते पातेल्यावर."

उरलेलें सर्व या दोन उत्तरांत आलें. शेगडीवरची फळी ही घरांतील सर्वांत उष्ण जागा. आणि उकळत्या पातेल्यावर उघडा डबा तिरपा करणें म्हणजे वाफेस आंत येण्याचें आमंत्रण देणें. शिवाय मोठा डबा अर्धा रिकामा झाला कीं अर्ध्या जागेंत हवा भरते आणि प्रत्येक उघडझांपीबरोबर ती ताजी होते. खोबऱ्याचे चारहि शत्रु त्या एका फळीवर जमले होते, एक उजेड तेवढा वगळून. कारण डबा पत्र्याचा होता.

मग सासरच्या बाईंचा उपाय कसा? तयार पूड आणावी कीं न आणावी? याला एकच उत्तर देतां येत नाहीं. जिन्नसागणिक उत्तर निराळें आहे.

हळद घरीं दळण्याच्या भरीस पडूं नये. हळकुंड दगडासारखें कठीण. मिक्सरचें पातें तुटेल पण तें नीट दळलें जाणार नाहीं. आणि हळदीचा मुख्य उपयोग रंगाचा. तो रंग देणारें द्रव्य उडून जाणारें नसल्यामुळें तयार पुडींत फारसें कांहीं गमावत नाहीं. फक्त तिला उजेडापासून जपावें लागतें, कारण उन्हांत तो रंग फिका पडतो. मिरचीचेंहि बरेंचसें तसेंच. तिखटपणा महिनोन्‌महिने राहतो, रंग तेवढा उतरतो. वर्षाचें तिखट उन्हाळ्यांत कांडून आणण्याची रीत म्हणूनच टिकून आहे. मात्र मिरची हलवितांच आंतील बीं खुळखुळेपर्यंत व देंठ मोडतांच तुटेपर्यंत ती वाळलेली असावी. दमट मिरचीस बुरशी येते आणि कांहीं बुरशा विषारी द्रव्य निर्माण करतात. तें भाजल्यानें वा शिजविल्यानें भरंवशानें जात नाहीं. मिरीपुडीचा प्रकार मोठा फसवा आहे. तिचा झणझणीतपणा न उडणाऱ्या द्रव्याचा, तर सुवास उडणाऱ्या तेलाचा. त्यामुळें वर्षाची जुनी पूड जिभेस झोंबते व ताजी वाटते, पण तिच्यांतील निम्मी मिरी केव्हांच निघून गेलेली असते.

धने-जिरें, गरम मसाला, गोडा मसाला यांत मात्र सगळा खेळ उडणाऱ्या वासाचा. हीं तयार घेणें म्हणजे फुटलेली कुपी विकत घेणें होय. ती कारखान्यांत केव्हां फुटली, वखारींत किती उन्हाळा तिनें सोसला, हें पाकिटावरून पूर्ण कळत नाहीं. तरीहि ज्या घरीं दोन्ही माणसें सकाळीं आठला कामास जातात, किंवा जेथें हातपाय न चालणारें एकटें वृद्ध माणूस आहे, तेथें तयार पुडीस नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं एवढेंच पाहावें: पाकीट सर्वांत लहान घ्यावें, त्यावरील भरल्याची तारीख वाचावी, पारदर्शक पाकिटापेक्षां अपारदर्शक पसंत करावें, आणि अन्न सुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणें मिळणारा १४ आंकडी परवाना क्रमांक त्यावर छापलेला असावा. उघड्या पोत्यांतून मापून दिलेली पूड स्वस्त असली तरी घेऊं नये.

कारण पुडीचा दुसरा दोष भेसळीचा. अखंड धन्यांत काड्या, माती, किडकें दाणें असलें तर डोळ्यास दिसतें. दळल्यावर सगळेंच एकरंगी होतें. धन्याच्या पुडींत भुसा आहे असा संशय असेल तर ती पेल्यांतील पाण्यावर भुरभुरावी. भुसा तरंगत राहतो. तिखट पाण्यावर टाकतांच लाल रेघा झरझर खालीं उतरूं लागल्या तर वरून रंग दिला आहे असें समजावें; तळाशीं बसलेला गाळ बोटांस खरखरीत लागला तर विटकरीची पूड वा वाळू असल्याचा संशय धरावा. या घरगुती परीक्षा ढोबळ चोरी पकडतात, सूक्ष्म चोरी नव्हे. तसेंच अखंड जिन्नस म्हणजे निर्भेळ, असेंहि मानूं नये. तेल काढून घेतलेल्या लवंगा अखंडच दिसतात. नखानें दाबून पाहावें: चांगल्या लवंगेच्या अंगावर तेलाची ओलसर खूण उमटते आणि ती पाण्यांत खालीं जाते, निःसत्त्व लवंग सुरकुतलेली असून तरंगते. हळकुंडांचेंहि असेंच. बांगला देशांत हळकुंडांनाच शिशाचा पिवळा रंग चोळीत असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें, आणि शिसें हें मुलांच्या मेंदूस अपायकारक विष आहे. हळकुंड चोळतांच हातास झगझगीत पिवळी भुकटी लागत असेल तर तें कितीहि सुंदर दिसो, घेऊं नये.

राहतां राहिली ठेवणीची गोष्ट. कांचेची, घट्ट फिरकीच्या झांकणाची लहान बरणी सर्वांत चांगली; ती फडताळांत, अंधारांत, शेगडीपासून दूर ठेवावी. प्लॅस्टिकच्या डब्यांत वास मुरतो आणि धुतला तरी जात नाहीं. आज जिरें ठेवलेल्या डब्यांत उद्यां वेलदोडे ठेवले तर दोघांचेंहि नुकसान. बरणी गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आंत हवा राहत नाहीं. त्यासाठीं एका मोठ्या बरणीपेक्षां तीन लहान बऱ्या. एक वापरांत, दोन बंद. चमचा पूर्ण कोरडा असावा आणि मसाला आधीं वाटींत काढून मग पातेल्यांत घालावा. मसाल्यांत वर हिंगाचा खडा ठेवण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. तिनें किडे दूर राहतात असा समज आहे. चाल ठेवण्यास हरकत नाहीं, मात्र हिंगाच्या उग्र वासाखालीं खवटपणा लवकर उमगत नाहीं, हेंहि लक्षांत असूं द्यावें.

फ्रिजचा उपयोग तीळ-खोबऱ्याच्या मसाल्यास विशेष होतो. थंडींत खवटपणा फार सावकाश येतो. पण तेथें एक खुबी आहे. बंद बरणी बाहेर काढतांच उघडली तर दमट हवेंतील पाणी थंड मसाल्यावर जमतें. म्हणून बरणी तासभर बाहेर राहूं द्यावी, ती घराच्या हवेइतकी झाली कीं उघडावी, महिन्याचा मसाला लहान बरणींत काढावा आणि मोठी पुन्हां आंत ठेवावी. रोज आंतबाहेर करणें हें न ठेवण्याहून वाईट. अखंड धने व मिरच्या यांना वैशाखांत एक कडक ऊन द्यावें. लवंग-वेलदोड्यांना देऊं नये. धन्यांत टांचणीच्या टोंकाएवढीं भोंकें व तळाशीं पिठूळ भुकटी दिसली तर बारीक तपकिरी किडे आंत आहेत. तो धना निवडीत बसूं नये. आणि पुडींत पांढरी बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा वापरणें हा काटकसरीचा नव्हे, अविचाराचा मार्ग होय, सगळेंच टाकावें.

पुढल्या वैशाखांत पुण्याहून रत्नागिरीस डबा गेला नाहीं. आईनें कोरडे जिन्नस न भाजतां, निवडून, वाळवून, निरनिराळ्या पुड्यांत बांधून दिले आणि प्रत्येक पुडीवर वजन लिहिलें. मुलीनें त्याचे भाग पाडले. दर दोन महिन्यांस धने ७० ग्रॅम, जिरें १५ ग्रॅम आणि बाकीचे जिन्नस त्याच मानानें घेऊन ती मंद आंचेवर भाजते, थंड करते व दळते. ही सुमारें ११० ग्रॅमांची कोरडी पूड होते. तीत स्निग्ध कांहीं नसल्यामुळें फडताळांतील बरणींत ती दोन महिने चांगली राहते. महिन्याच्या आरंभीं त्यांतली निम्मी ती वेगळी काढते. मग तिळांचा एक मोठा चमचा, किसलेल्या खोबऱ्याचे दोन आणि चिमूटभर खसखस भाजून, गार करून वाटते व त्या निम्म्या पुडींत कालवते. या मासिक कामास पंधरा मिनिटें लागतात. खोबरें ती अर्ध्या वाटीहून अधिक आणीत नाहीं, आणि आणलेलें किसण्यापूर्वीं कोपऱ्याचा एक तुकडा चावून पाहते.